कोऱ्या मेसेजला पहिलं उत्तर काय द्यायचं

पोरी, नांदेडच्या कोर्टाजवळचं माझं दुकान मी आता आवरतं घेतलंय आणि लातूरचं तू सुरू करतेयस. टायपिंग, डीटीपी, भाषांतर हे सगळं तुला येतं, त्यात मी काय शिकवणार? पण दुकानाच्या मोबाईलवर रोज सकाळी एक प्रकार येणार आहे, आणि त्याचं कसं करायचं ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. मेसेज येतो : ‘याचं मराठी करून द्या.’ किंवा ‘हे दुरुस्त करून पाठवा, अर्जंट.’ आणि त्याच्या खाली काहीच नसतं. फोटो नाही, फाईल नाही, मजकूर नाही.

आमच्याकडे हे पूर्वीही व्हायचं, पण 2023 च्या सप्टेंबरनंतर त्याला ऊत आला. सरकारनं मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि गावोगाव लोकांनी ट्रंका उघडल्या. उर्दूतले कागद, मोडीतले कागद, खासरा, पाहणी, शाळेचे दाखले. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला तेव्हा पुन्हा तेच. ज्याच्या घरात उर्दू वाचणारं कुणी उरलं नव्हतं तो फोटो काढून पाठवायचा आणि वर लिहायचा, मामा, याचं मराठी करा. त्यातले कितीतरी मेसेज माझ्याकडे नुसते वाक्य होऊन पोचायचे.

सगळ्यात आधी हे ध्यानात घे, की तो मेसेज फक्त तुझ्या मोबाईलवर कोरा आहे. पाठवणाऱ्याच्या मोबाईलवर त्याच्या वाक्याच्या शेजारीच कागदाचा फोटो ठळक दिसतोय. त्याच्या लेखी त्यानं काम तुझ्या हाती दिलं, आता चेंडू तुझ्याकडे. म्हणून तू नुसतं ‘ठीक आहे’ लिहिलंस किंवा अंगठा दाखवलास की त्याच्यासाठी काम सुरू झालं. परवा दुपारी तो बसमधून उतरून दुकानात येईल आणि म्हणेल, झालं का? तेव्हा तू म्हणशील, कागद कुठाय? त्यावरून जी कटकट होते ती दोघांपैकी कुणाच्याच चुकीनं होत नाही, पण गिऱ्हाईक जातं ते तुझं. कोऱ्या मेसेजला ठीक आहे, हो, बघते, करते यातला एकही शब्द जाऊ देऊ नको.

आता तो कोरा का येतो, ते समजून घे. कारण कळलं की विचारायचं काय ते आपोआप कळतं.

सगळ्यात जास्त वेळा कारण साधं असतं : वाक्य हलकं, फोटो जड. व्हॉट्सअॅपवर त्यानं आधी फोटो टाकला आणि मग वेगळ्या मेसेजमध्ये वाक्य लिहिलं, तर ते दोन मेसेज दोन वाटेनं येतात. वाक्य चार अक्षरांचं, ते कसल्याही रेंजमध्ये निघतं. फोटो दोन-तीन एमबीचा, तो पूर्ण वर चढेपर्यंत तुला त्याचं नावनिशाणही दिसत नाही. उदगीर, देगलूर, मुखेडच्या कडेच्या गावांत रेंज एका टेकाडावर असते आणि दुसऱ्यावर नसते. फोटो पाठवून त्यानं मोबाईल खिशात घातला, शेतात उतरला, आणि फोटो तिथेच अडकला. त्याच्या मोबाईलवर त्या फोटोवर गोल फिरत राहतं, नाहीतर वर जाणारा बाण आणि `Retry` असं येतं. तुझ्याकडे फक्त वाक्य.

दुसरं कारण, फोटो गेला, पण भलत्याच घरी गेला. गॅलरीतून फोटो शेअर करताना नावांची यादी येते. त्यात तुझ्या नावाऐवजी भावकीच्या ग्रुपवर बोट पडतं. मग तो तुझ्या चॅटमध्ये येऊन वाक्य लिहितो. तिकडे ग्रुपवर काकालोक विचारत असतात, कशाचा कागद रे हा? दुकानाचे दोन नंबर असतील तर फोटो जुन्या नंबरवर आणि वाक्य नव्यावर, हेही होतं.

तिसरं, त्यानं फोटो पाठवताना खालच्या मजकुराच्या ओळीतल्या `1` वर नकळत बोट लावलेलं असतं. म्हणजे `View once`, एकदाच बघायचा फोटो. तो कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये उघडतच नाही, मोबाईलवर उघड असं सांगतो. आणि मोबाईलवर तू घाईत उघडून बंद केलास की संपला, जपूनही ठेवता येत नाही. असा फोटो दिसला तर उघडू नको. आधी त्याला साध्या पद्धतीनं पुन्हा पाठवायला सांग.

चौथं, हे मुख्यतः ‘दुरुस्त करा’वाल्यांचं. तो मजकूर कॉपी करून चिकटवायला जातो. पण ज्या पीडीएफमधून तो कॉपी करतोय ती स्कॅन केलेली असते, म्हणजे आत अक्षरं नाहीतच, नुसतं चित्र आहे. बोट दाबून धरलं तरी काहीच उचललं जात नाही, आणि चिकटवलं तर एकतर काहीच नाही नाहीतर आधी कॉपी केलेलं दुसरंच काहीतरी. त्या दुसऱ्यात कधी बँकेचा ओटीपी येतो. असं काही आलं तर ताबडतोब त्याला सांग, त्याच्या मोबाईलवरून सगळ्यांसाठी डिलीट करायला लाव, आणि तुझ्याकडूनही पुस.

ई-मेलचं वेगळं नाही. विषयात ‘भाषांतरासाठी’ लिहितात, आत काही नसतं. जीमेलवर 25 एमबीपेक्षा मोठी फाईल जोडली तर ती ड्राइव्हची लिंक होऊन येते, आणि ती लिंक उघडली की परवानगी मागायला सांगते. तिथल्या बटणावर दाबून तू वाट बघत बसशील, पण परवानगीची विनंती त्याच्या मेलवर जाते आणि मेल तो दिवाळीला उघडतो. त्यापेक्षा फोन कर.

तर मेसेज कोरा आला की लगेच उत्तर देऊ नको. पाच मिनिटं थांब. अर्ध्या वेळा फोटो मागून येऊन पोचतो आणि ‘काही आलं नाही’ असं लिहून तू उगाच त्याला गोंधळात टाकलेलं असतंस. त्या पाच मिनिटांत तुझ्या बाजूचं तपास : दुकानाचा दुसरा नंबर, मेल, मेलमधलं स्पॅम. त्याच चॅटमध्ये वर सरकवून बघ, काल-परवा त्यानं काही पाठवलं होतं का. फोटो धूसर दिसतोय आणि उतरत नाही असं असेल तर तुझ्या मोबाईलची जागा भरली आहे का तेही बघ. आमच्या दुकानात असं झालं की मी आधी स्वतःचा मोबाईल रिकामा करायचो, मगच दुसऱ्याला बोलायचो.

वर जुना कागद सापडला तरी हा तोच असं धरून चालू नको. तिथे लातूरला माझ्या ओळखीच्या एका दुकानात काय झालं ते सांगतो. नीटचा क्लास करणाऱ्या एका पोरानं नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं. आधारवर आईचं नाव एका स्पेलिंगनं, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, ‘सर, स्पेलिंग दुरुस्त करा, अर्जंट.’ खाली काही नाही. दुकानदाराला वाटलं, प्रतिज्ञापत्राचंच बोलतोय. त्यानं फाईल उघडली, आईचं नाव बदललं आणि नवी प्रिंट काढून ठेवली. पोराला पाहिजे होती परीक्षेच्या अर्जातली दुरुस्ती. त्या दुरुस्तीची मुदत थोडेच दिवस असते आणि सगळे रकाने त्यात बदलताही येत नाहीत. तो स्क्रीनशॉट पाठवत होता, तो गेलाच नव्हता. आता प्रतिज्ञापत्र चुकीचं झालं आणि अर्जही तसाच राहिला, वर मुदतीचा एक दिवस गेला. त्या दुकानदाराची नियत वाईट नव्हती, उलट तो चटपटीत होता. पण ‘हे’ म्हणजे काय ते त्यानं स्वतःच ठरवलं.

म्हणून ‘अर्जंट’ लिहिलेलं असेल आणि सोबत काही नसेल, तर मेसेजवर मेसेज करू नको, फोन लाव. परीक्षेचा अर्ज असेल तर लॉगिन आणि पासवर्ड मेसेजमध्ये मागू नको. आपला मेसेज कोरा गेला असं कळलं की माणूस घाबरतो आणि पुढच्या मेसेजमध्ये सगळंच ओततो. पोराला दुकानात बोलव, त्याच्या हातानं उघडू दे.

बाकी वेळी एकच मेसेज पुरतो, पण तो नीट लिहिलेला पाहिजे. मी हा जुळवून ठेवला होता :

‘नमस्कार. तुमचा मराठी करण्याबद्दलचा मेसेज मिळाला. त्यासोबत कागद आलेला नाही. कृपया कागद पुन्हा पाठवा. एकूण किती पानं आहेत, कुठल्या ऑफिसात द्यायचा आहे आणि कधीपर्यंत पाहिजे, ते लिहा. कागद बघितल्यावर दर आणि वेळ सांगतो. तोपर्यंत काम सुरू केलेलं नाही.’

यातलं कुठलं वाक्य कशासाठी, ते बघ. मिळालं काय आणि मिळालं नाही काय, हे दोन्ही सांगायचं. नुसतं ‘काही आलं नाही’ म्हटलं तर तो म्हणतो, मग उत्तर कसं दिलं? नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं तर त्याला वाटतं, तुला त्याचं वाक्य कळलं नाही, आणि तो तेच वाक्य मोठ्या अक्षरात पुन्हा पाठवतो. पानं किती हे विचारायचं, कारण अर्धा आलेला कागद कोऱ्या मेसेजपेक्षा वाईट असतो. कोरा असेल तर निदान दिसतो तरी. चारपैकी तीन पानं आली तर तू खुशाल काम करून मोकळी होशील. ऑफिस विचारायचं, कारण घरी समजून घ्यायला केलेलं मराठी वेगळं आणि तहसीलला किंवा कोर्टात लावायचं वेगळं. दुसऱ्यात शिक्के, खोडाखोड, फाटलेली जागासुद्धा लिहावी लागते आणि प्रत्येक पानावर तुझी सही जाते. दर कागद न बघता कधीच सांगू नको, अगदी ‘एका पानाला किती?’ एवढंच विचारलं तरी. निजामकाळच्या एका पानात कधी दहा ओळी असतात, कधी चाळीस रकाने.

शेवटचं वाक्य लोकांना रुक्ष वाटतं. राहू दे. ते ‘ठीक आहे’च्या अगदी उलट आहे, म्हणून ठेवलंय.

व्हॉट्सअॅप बिझनेस असेल तर हा मेसेज क्विक रिप्लायमध्ये साठव. `/kora` असं काही नाव दे, टाइप केलं की पूर्ण समोर येतो. मात्र त्याच अॅपमध्ये दुकान बंद असताना आपोआप जाणारं उत्तर असतं, त्यात काय लिहिलंय ते आज बघ. ‘आपले काम मिळाले, लवकरच करून देऊ’ असं बऱ्याच दुकानांत लिहिलेलं असतं. रात्री अकराला कोरा मेसेज आला की तुझं यंत्रच त्याला काम मिळाल्याची पावती देतं. तिथे फक्त दुकानाची वेळ लिही, आणि फोटोच्या खालच्या ओळीतच मजकूर लिहून पाठवा असं सांग. त्या खालच्या ओळीत लिहिलं की वाक्य आणि फोटो एकत्रच येतात, किंवा एकत्रच येत नाहीत. वाक्य एकटं पुढे पळत नाही.

मेसेज गेला की चारांतले तीन जण लगेच लिहितात, ‘पाठवलंय की!’ इथे वाद घालू नको. नाही आलं, हो पाठवलं, नाही आलं, याला अंत नसतो. त्याच्या मोबाईलवर काय दिसतंय ते विचार. मागच्या पावसाळ्यातला एक सांगतो, उदगीर तालुक्यातला. सकाळी मेसेज : मामा, याचं मराठी करून द्या. मी थांबलो, मग माझा ठरलेला मेसेज पाठवला. उत्तर आलं, पाठवलंय की. मी फोन लावला.

‘दादा, त्या फोटोच्या कोपऱ्यात काय दिसतंय? घड्याळ, की बरोबरची खूण?’

‘घड्याळ हाय. अन् मधी गोल फिरालंय.’

‘मंग तो अजून तुमच्याच मोबाईलमध्ये आहे. बाजूला वाक्यावर किती खुणा?’

‘दोन.’

एवढ्यावर सगळं उलगडलं. वाक्याला दोन खुणा म्हणजे ते माझ्यापर्यंत पोचलं, फोटोला घड्याळ म्हणजे तो निघालाच नाही. त्यांना, आपलं काही चुकलं असं वाटू न देता, रेंज असलेल्या जागी जायला सांगितलं. आणि तिथे गेल्यावर तोच फोटो पुन्हा ढकलण्याऐवजी फाईल जोडायच्या चिन्हातून `Document` निवडून पाठवायला सांगितलं. हे उर्दू कागदांसाठी फार महत्त्वाचं आहे. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं. उर्दूत बे, पे, ते, से या अक्षरांचं अंग एकच, फरक फक्त ठिपक्यांचा. दाबलेल्या फोटोत ठिपका आणि कागदावरचा डाग सारखेच दिसतात, आणि आडनाव बदलून जातं.

पाऊण तासानं फायली आल्या. तीन. मी पानं विचारली होती म्हणून बरं, त्यांनी चार सांगितली होती. तिसरं पान राहिलं होतं, ते पाठीमागच्या बाजूला लिहिलेलं होतं आणि फोटो काढताना त्यांना ती नुसती पाठ वाटली होती. जुन्या कागदाला पाठ नसते, दोन्ही बाजू मागव.

पहिल्या पानाच्या माथ्यावर जिल्हा बीदर लिहिला होता. तुझ्या वयाचं कुणी असतं तर म्हणालं असतं, कर्नाटकातला कागद चुकून आला, कोऱ्या मेसेजचाच दुसरा अवतार. पण उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. लातूर जिल्हा तर 1982 ला झाला. तेव्हा माथ्यावर बीदर किंवा उस्मानाबाद दिसलं म्हणून कागद परत पाठवू नको. साल फसली 1352 होतं. हैदराबादच्या फसलीत 590 मिळवले की ज्या ऑक्टोबरात ते वर्ष सुरू झालं ते साल येतं, म्हणजे हे ऑक्टोबर 1942 ते ऑक्टोबर 1943. महिना आजूर, दै, बहमन असा लिहिलेला असतो. आजूर हा पहिला, तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागतो. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांना 590 आणि जानेवारीनंतरच्यांना 591 मिळव. मराठीत फसली साल तसंच ठेवायचं आणि इसवी सन शेजारी कंसात द्यायचा. नुसतं इसवी सन दिलं तर तहसीलमधला माणूस मूळ नोंदीशी जुळवणार कसा?

ते राहिलेलं पान आल्यावर मी त्यांना लिहिलं : चार पानं मिळाली, सगळी वाचता येतात, दुसऱ्या पानावर एक ओळ फाटलेली आहे, तिथे ‘अवाच्य’ लिहीन. अमुक दर, अमुक दिवशी. तेव्हा कुठे मी ‘ठीक आहे’ म्हणालो.

आणि ज्याचं उत्तरच येत नाही त्याचं? त्याला दुसऱ्या दिवशी एकदा आठवण कर, तोच मेसेज, नवा नाही. दुकानाच्या वहीत तारीख टाकून लिही : मेसेज आला, कागद नाही, कळवलं. काम मिळालेल्यांच्या पानावर त्याचं नाव चढवू नको, वेगळ्या पानावर ठेव. मग पाठ सोड. पुष्कळदा त्यानं कागद दुसऱ्याला दिलेला असतो, किंवा घरातल्या म्हाताऱ्यानं वाचून दाखवलेला असतो, आणि ते तुला कळवायचं त्याच्या डोक्यातही येत नाही. महिन्यानं तो दारात उभा राहून म्हणाला, मी पाठवलं होतं ना, तर भांडू नको, वहीतलं पान काढून दाखव आणि त्याच्या पिशवीत कागद आहे का ते विचार. बऱ्याचदा असतो.